परीक्षा दिली की परीक्षेला बसले?

एका निवृत्त शिक्षिकेच्या आत्मकथनाचं इंग्रजी भाषांतर चालू आहे. मूळ वाक्य अगदी साधं: ‘त्या वर्षी मी सातवीची फायनल परीक्षा दिली.’ हातानं आपोआप ‘आय गेव्ह द एक्झाम’ असं लिहून टाकलं. व्याकरण कुठे अडत नाही, शब्द जागच्या जागी आहेत. तरी कानाला खटकलं, आणि का खटकलं ते सांगता येईना. माझं इंग्रजी शाळेतून, पुस्तकांतून आणि आसपासच्या माणसांकडून आलं आहे, आणि आसपासची सगळी माणसं इंग्रजीतही परीक्षा ‘देतात’. अशा वेळी स्वतःच्या कानावर किती विसंबायचं? बाईंच्या दोन नाती लीड्सला वाढल्या आहेत. पुस्तक आधी त्यांच्या हातात जायचं आहे. तेव्हा तिथल्या लिहिणाऱ्यांना काय सहज वाटतं, ते शोधायला हवं. कॉर्पसला काय विचारलं आणि काय हाती आलं, ते इथे टिपून ठेवते आहे.

*

कॉर्पस म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष लिहिलेल्या-बोललेल्या मजकुराचा निवडून रचलेला साठा. मी दोन वापरते. पहिला ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, म्हणजे बीएनसी: दहा कोटी शब्द, साधारण विसाव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यातलं ब्रिटिश इंग्रजी, त्यात दहा टक्के बोलणं. दुसरा कोका: १९९० ते २०१९ या काळातलं अमेरिकन इंग्रजी, शंभर कोटींहून अधिक शब्द. तो मार्क डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात असताना उभारला. दोन्ही `english-corpora.org` या एकाच ठिकाणी पाहता येतात. नोंदणी मोफत आहे, मात्र एका दिवसात किती शोध घ्यायचे यावर मर्यादा आहे.

नेहमीच्या सर्च इंजिनात शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत टाकून ‘इतके लाख निकाल’ पाहण्याची सवय मी सोडली. तो आकडा अंदाजी असतो, एकच मजकूर दहा ठिकाणी चिकटवलेला असतो, आणि लिहिणारा कोण, कुठला, कधीचा, याचा पत्ता नसतो. कॉर्पसमध्ये प्रत्येक ओळीला साल आणि स्रोत जोडलेला असतो: कादंबरी, वर्तमानपत्र, संशोधनलेख की मुलाखत.

*

पहिला शोध:

```
GIVE * EXAM
```

कॅपिटल अक्षरांत लिहिलं की त्या शब्दाची सगळी रूपं येतात: गिव्ह, गेव्ह, गिव्हन, आणि एक्झामचं अनेकवचनही. लहान अक्षरांत `exam` लिहिलं असतं तर ‘एक्झाम्स’ असलेल्या ओळी निसटल्या असत्या. चांदणी म्हणजे मधला कुठलाही एक शब्द. एकच. त्यामुळे ‘गेव्ह द एक्झाम’ सापडतं, पण ‘गेव्ह मी अ‍ॅन एक्झाम’ सापडत नाही. त्यासाठी दोन चांदण्या घालून वेगळा शोध घ्यावा लागतो.

ओळी आल्या, आणि क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे असं म्हणतात तर! इथेच थांबले असते तर चूक छापून गेली असती.

*

निकालांच्या आकड्यावर टिचकी मारली की कॉन्कॉर्डन्स उघडतं. शोधलेले शब्द मधोमध एकाखाली एक लागतात आणि दोन्ही बाजूंना त्या त्या वाक्याचा तुकडा दिसतो. त्याचा साचा कळावा म्हणून चार ओळी स्वतः रचून इथे मांडते:

```
   the professor  gave the exam   to both classes
  before we even  give the exam,  we tell students
    the school    gives the exam  every spring
      the nurse   gave full exams  and then
```

आता डाव्या बाजूनं वाचायचं. परीक्षा देणारं कोण आहे? प्राध्यापक, शाळा, शिक्षक. शेवटच्या ओळीत तर परीक्षा ही परीक्षाच नाही, ती शरीराची तपासणी आहे. त्या इंग्रजीत परीक्षा ‘देतो’ तो घेणारा, आणि आपण म्हणतो ते परीक्षा देणारं पोर तिथे ती ‘टेक’ करतं. म्हणजे माझं वाक्य लीड्सच्या नातीनं वाचलं असतं तर आजीनं सातवीच्या वर्षी परीक्षा घेतली, असा अर्थ लागला असता. वाक्य कानाला खटकावं इतकंच ते बिघडलेलं नव्हतं. त्याचा अर्थच उलटा झाला होता. आकड्यावर थांबून हे कळलं नसतं, कारण आकडा शून्य नव्हता.

तेव्हापासूनची सवय: ओळी आधी डावीकडच्या शब्दावर लावून घ्यायच्या, म्हणजे कर्ते एकत्र येतात. मग उजवीकडच्या शब्दावर लावायच्या, म्हणजे पुढे काय येतं ते दिसतं. निदान वीस-पंचवीस ओळी तरी संपूर्ण वाचायच्या, आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: हे माझ्याच अर्थानं म्हटलं आहे का?

*

एक शब्दप्रयोग एकटा तपासून काही कळत नाही. त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी उभा करावा लागतो. म्हणून पुढचे तीन शोध:

```
TAKE * EXAM
SIT * EXAM
SIT for * EXAM
```

कोकात ‘टेक’ सर्वांत पुढे आहे, आणि डावीकडे विद्यार्थीच दिसतात. ‘सिट फॉर’ही अमेरिकेत चालतं, पण उजवीकडे पाहिलं की वकिलीची सनद किंवा व्यवसायाचा परवाना यांच्या परीक्षा जास्त भेटतात. बीएनसीत मात्र ‘फॉर’शिवायचं नुसतं ‘सिट’ सहज येतं, शाळेच्या परीक्षांसाठीसुद्धा. ब्रिटनमधलं पोर परीक्षा ‘सिट’ करतं.

हे वाचताना लक्षात आलं की मराठीतही दोन वाक्प्रचार आहेत. आपण परीक्षा देतो, आणि परीक्षेला बसतोही. पहिल्याचा शब्दशः अनुवाद अर्थ उलटवतो, दुसऱ्याचा थेट ब्रिटिश इंग्रजीत जाऊन मिळतो. मराठीतून आलेलं सगळंच इंग्रजी संशयास्पद असतं, असा माझा समज होता. तो इथे मोडला. ‘भाषण देणे’चंही तसंच. `GIVE * speech` शोधून पाहिलं तर बोलणारा स्वतःच भाषण ‘गिव्ह’ करतो, अगदी आपल्यासारखा. देणे आणि गिव्ह कुठे जुळतात, कुठे उलटतात, याचा नियम नाही. प्रत्येक नामासाठी वेगळं पाहावं लागतं.

*

दोन संग्रहांचे आकडे शेजारी ठेवताना एक गोष्ट विसरायची नाही. समजा एक प्रयोग बीएनसीत पन्नास वेळा आला आणि कोकातही पन्नास वेळा. वरवर बरोबरी वाटते. पण बीएनसी दहा कोटींचा आहे आणि कोका शंभर कोटींचा. दर दहा लाख शब्दांमागे मोजलं तर बीएनसीत तो अर्धा पडतो आणि कोकात त्याच्याही दहावा हिस्सा. म्हणजे ब्रिटनमध्ये तो दहापट वावरतो. कोकाच्या मोठ्या आकड्यानं मी सुरुवातीला दोनदा फसले, म्हणून हा हिशेब आता वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवला आहे.

*

पुढचं प्रकरण: ‘मी साताऱ्याला राहून शिक्षण घेतलं.’ हातानं पुन्हा तेच केलं, ‘टुक एज्युकेशन’. शोधलं:

```
TAKE education
```

ओळी आल्या, पण वाचल्या तेव्हा बहुतेक वेगळ्याच निघाल्या. शिक्षण ‘गांभीर्यानं घेणं’ एका ठिकाणी. शिक्षणशास्त्राचे तास घेणं, म्हणजे एज्युकेशन हा शब्द पुढच्या नामाला चिकटलेला, दुसऱ्या ठिकाणी. शिक्षण कुणाच्या हातून ‘काढून घेणं’ तिसऱ्या ठिकाणी. उजवीकडचा शब्द पाहिल्याशिवाय या तीन जाती ओळखू येत नाहीत. माझा अर्थ, शाळेत जाऊन शिकणं, त्यांत सापडला नाही.

मग प्रश्न उलटा केला. ‘टेक’ चालतं का, असं न विचारता, शिक्षणाबरोबर तिथले लोक कुठलं क्रियापद वापरतात असं विचारलं:

```
VERB * education
```

`VERB` लिहिलं की कुठलंही क्रियापद चालतं, आणि यादी वारंवारतेनुसार लागते. ‘गेट’ आणि ‘रिसीव्ह’ ही उत्तरं तिथे मिळतात. पण खरं उत्तर यादीबाहेर होतं. ‘रिसीव्ह’च्या ओळी उघडल्या तेव्हा वातावरण बरंचसं औपचारिक दिसलं: चरित्रकोशातल्या नोंदी, अहवाल. बाईंचा सूर तसा नाही. साधं लिहिणारा माणूस ‘एज्युकेशन’ हे नाम वापरतच नाही. तो मी अमुक शाळेत गेलो, तमुक गावी शिकलो, असं क्रियापदानं सांगतो. मराठीत आपण नाम घेऊन त्याला ‘घेणे, करणे, देणे’ जोडतो. तिथे पुष्कळदा ते नामच विरघळून जातं. शेवटी मी ‘आय वेंट टु स्कूल इन सातारा’ असं लिहिलं. साधनानं हे वाक्य सुचवलं नाही. त्यानं फक्त ‘रिसीव्ह’ कुठल्या पोशाखात वावरतं ते दाखवलं.

*

एक चूक, अजून बोचणारी. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अहवालाचं इंग्रजी तपासताना ‘डिस्कस्ड अबाउट’ आलं. लेखकानं विचारलं, चालेल ना? मी घाईत शोध घेतला, निकाल शून्य नाहीत एवढं पाहिलं आणि होकार दिला. अहवाल छापून गेला. नंतर त्याच ओळी निवांत वाचल्या. कित्येक ठिकाणी ‘अबाउट’चा अर्थ ‘सुमारे’ होता: सुमारे महिन्याभरापूर्वी आपण बोललो ते. काही ओळी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतींतल्या होत्या, आणि बोलणारा पाहुणा इंग्रजी नंतर शिकलेला दिसत होता. एक-दोन ठिकाणी बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटून नव्यानं सुरू झालं होतं. हे सगळं बाजूला केल्यावर माझ्या होकाराला आधार उरला नाही. संपादित लेखनात ‘डिस्कस’नंतर विषय थेट येतो. ‘अबाउट’ लागतं ते ‘डिस्कशन’ या नामाला, आणि आपल्या ‘विषयी चर्चा’तून ते क्रियापदालाही चिकटतं.

थोडे निकाल आले की आता तीन गोष्टी पाहते. ते एकाच पुस्तकातून किंवा एकाच लेखकाकडून आले आहेत का? बोलण्यातले आहेत की छापलेले? आणि शब्द शेजारी असले तरी एकाच वाक्यबंधातले आहेत का? या तिन्हींतून जे तरतं तेवढंच मोजायचं.

*

‘निकालाच्या दिवशी पोटात गोळा आला.’ शब्दशः नेलं तर पोटदुखी वाटेल. भाव माहीत आहे, जागा माहीत आहे, शब्द हवा आहे. जागा पक्की ठेवून उरलेलं मोकळं सोडलं:

```
NOUN in * stomach
```

‘पेन’ आलं, ते खरंच दुखणं. ‘बटरफ्लाइज’ आलं, ‘पिट’ आलं, ‘नॉट’ आलं. मराठी माणसाला यातलं ‘बटरफ्लाइज’ सर्वांत आधी आठवतं, कारण ते पाठ्यपुस्तकात भेटलेलं असतं. पण ओळी उघडल्या की दिसतं: रंगमंचावर जाण्याआधी, पहिल्या भेटीआधी, काहीतरी हवंसं घडणार असताना ती फुलपाखरं उडतात. ‘नॉट’च्या आसपास क्रियापदं वेगळी असतात: गाठ बसते, आवळते, घट्ट होते. आजूबाजूला भीती असते, वाईट बातमीची वाट पाहणं असतं. बाईंना त्या दिवशी नापासाची धास्ती होती, कारण नापास झाल्या असत्या तर लग्न ठरणार होतं. म्हणून ‘नॉट’ घेतलं. स्रोतांचा स्तंभही पाहिला. या ओळी मुख्यतः कथा-कादंबऱ्यांतल्या आहेत, आणि आत्मकथनाला तो सूर पेलतो. एखाद्या सरकारी अहवालात हाच शब्द घातला असता तर नैसर्गिक असूनही चुकीच्या घरी गेला असता.

*

शून्य निकाल म्हणजे काय, यावर सावध राहायला हवं. बाईंनी आईबद्दल लिहिलं आहे: तिच्या ओच्यात अख्खा दिवस मावायचा. सकाळी शेंगा, दुपारी गोवऱ्या, संध्याकाळी धाकटं भावंड. हे वाक्य मी इंग्रजीत जवळजवळ जसंच्या तसं नेलं. त्यातला शब्दबंध कॉर्पसमध्ये शोधला तर काहीच मिळणार नाही. मिळूही नये, कारण बाईंआधी ते कुणी म्हटलेलं नाही. ‘परीक्षा देणे’ हे सगळ्यांचं नाणं आहे, त्याच्या जागी तिकडचं चालतं नाणं द्यायला हवं. ओच्यातला दिवस बाईंच्या घरचा आहे. तो सापडत नाही म्हणून घासून गुळगुळीत केला, तर भाषांतर करणारीनं चोरी केल्यासारखं होईल.

चाचणी म्हणून एवढं करते: शब्दबंध मिळाला नाही तर त्याचे सुटे शब्द किती वेळा येतात ते पाहते. दोन्ही शब्द हजारो वेळा येत असतील आणि तरी एकमेकांशेजारी कधीच येत नसतील, तर नेहमीच्या व्यवहारातल्या प्रयोगाबाबत ती धोक्याची खूण आहे. एखादा शब्द मुळातच विरळ असेल, तर शून्यातून काही सिद्ध होत नाही.

*

एक मुद्दा कित्येक दिवस मनात आहे. ‘गेव्ह द एक्झाम’ हे चूक, असं कुणाच्या हिशेबानं? भारतात लाखो लोक इंग्रजीत असंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. ग्लोब नावाचा १९० कोटी शब्दांचा संग्रह आहे, वीस देशांतल्या संकेतस्थळांवरून गोळा केलेला, त्यात भारताचा वेगळा स्तंभ आहे. तिथे शोधलं की आपलं ‘देणं’ भेटतं, आणि कर्ता विद्यार्थी असतो.

हा विचार मुळात आपल्या जवळच झालेला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या देखरेखीखाली भारतीय इंग्रजीचा कॉर्पस तयार झाला. १९७८ साली भारतात छापलेल्या मजकुरातले ५०० नमुने, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे, मिळून दहा लाख शब्द. रचना अमेरिकेच्या ब्राउन कॉर्पसच्या धर्तीवर, म्हणजे दोन्हींची तुलना करता यावी. भाषाविज्ञानाच्या जगात तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखला जातो. आपलं इंग्रजी इतरांच्या इंग्रजीतून वजा करून उरलेल्या चुकांची यादी नव्हे. त्याचीही मोजदाद व्हावी, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

मात्र एखाद्या शब्दप्रयोगाच्या निवाड्याला तो पुरत नाही. दहा लाख शब्दांमागे अर्ध्या वेळा येणारा प्रयोग दहा लाखांच्या संग्रहात एकदा दिसेल किंवा दिसणारही नाही. ‘ऑफ’, ‘द’, ‘विल’ असे सतत येणारे शब्द तपासायला लहान संग्रह पुरतो. नाम-क्रियापदाच्या जोड्यांना कोट्यवधी शब्द लागतात.

*

पुस्तकात एक प्रसंग आहे. शाळा तपासायला आलेले दिपोटी बाईंना इंग्रजीतून विचारतात, तू फायनल दिलीस का? तिथे मी ‘हॅव्ह यू गिव्हन द एक्झाम’ असंच ठेवलं. तो माणूस तसंच म्हणाला असता. त्याच्या तोंडी ब्रिटिश ‘सिट’ घालणं म्हणजे त्याचं इंग्रजी त्याच्याकडून काढून घेणं. शेजारच्या वाक्यात बाईंचं उत्तर आहे, त्यामुळे परीक्षा कुणी दिली याबद्दल नातींचा गोंधळ होणार नाही.

निवेदनातलं वाक्य मात्र ठरत नव्हतं. ‘टुक’ की ‘सॅट’? दोन्ही खरी आहेत आणि लीड्सला दोन्ही कळतील. कॉर्पसनं मला या दोन शब्दांपर्यंत आणून सोडलं होतं. पुढचं त्याच्या हाती नव्हतं.

काल बाईंकडे गेले होते. पान वाचून दाखवलं आणि विचारलं, “बाई, तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? परीक्षा दिली असंच?”

“छे गं. ‘दिली’ हे मी लिहिताना घातलं, पुस्तकी म्हणून. आम्ही म्हणायचो, फायनलला बसले. आमच्या गल्लीत त्या वर्षी मी एकटीच बसले होते.”

घरी आले आणि ‘सॅट’ लिहिलं.